दुकानात माल कसा भरावा : एका चार पानी पुस्तिकेची हकिकत

समस्त मराठी वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, वऱ्हाड प्रांती, अमरावती मुक्कामी, एका डुगडुगत्या टेबलावर मराठी गद्याचा एक नवा ग्रंथ सिद्ध झाला आहे. ग्रंथाची पाने चार, त्यातले एक मुखपृष्ठाचे. विषय : बिलाच्या नव्या अ‍ॅपमध्ये वस्तू आणि तिची किंमत कशी भरावी. ग्रंथात नायिका नाही, खलनायक नाही, पाऊसही नाही. ग्रंथकर्ता मी आहे. हार-तुरे आणू नयेत, टेबलावर जागा नाही.

मी लिहून पोट भरतो असे म्हटले की लोकांना कविता वाटतात. मी लग्नपत्रिका लिहितो, साड्यांच्या सेलच्या जाहिराती लिहितो, फवारणीच्या औषधाच्या डब्यावर 'मुलांच्या हाती लागू देऊ नका' लिहितो. तर पुण्याच्या एका कंपनीतल्या बाईंचा फोन आला. त्यांनी छोट्या दुकानदारांसाठी बिलाचे अ‍ॅप काढले होते आणि त्याची मराठी माहिती कुणालाच कळत नव्हती. त्यांनी पाठवलेला मजकूर मी वाचला. 'उत्पादन जोडण्यासाठी अधिक चिन्हावर क्लिक करून अनिवार्य क्षेत्रे भरावीत.' मी बाईंना विचारले, ही अनिवार्य क्षेत्रे नकाशात कुठे येतात? बाई चांगल्या होत्या, हसल्या. म्हणाल्या, "सर, तुम्हीच लिहा. पण एकदा वाचून दुकानदाराला जमलं पाहिजे. आणि छापायच्या आधी एखाद्या खऱ्या दुकानात बसून करून बघा."

मी लिहिले. 'खाली "माल" असे लिहिले आहे, तिथे बोट लावा. मग "नवीन वस्तू". आता नाव लिहा. जिथे लाल चांदणी आहे ती जागा रिकामी सोडता येत नाही.' लाल चांदणी एकाच ठिकाणी होती, नावापाशी. किंमत नसली तरी अ‍ॅपची हरकत नसे, ती मागाहून भरता येई. मग विक्रीची किंमत. त्याखाली 'करासहित' की 'कराशिवाय'. इथे मी जाड अक्षरांत बजावले होते : 'पाकिटावरच्या छापील किमतीत कर आधीच धरलेला असतो. म्हणून "करासहित" निवडा. नाहीतर अ‍ॅप त्यावर आणखी कर चढवेल.' त्याच्या खाली एकक, म्हणजे नग, किलो, लिटर. शेवटी 'जपून ठेवा'. चूक झाली तर त्याच वस्तूवर बोट लावून पेन्सिलीच्या खुणेने दुरुस्त करा. आधी फाडलेली बिले त्याने बदलत नाहीत. एवढेच. पण ते लिहून झाल्यावर मी आरशात पाहिले होते, हे नाकारणार नाही.

खरे दुकान शोधायला मला लांब जायचे नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीचे सासर अकोल्याला, मोर्णेपलीकडे जुन्या शहरात. पुढे किराणा दुकान, मागे घर. भाऊजी तिथे लग्नाआधीपासून गल्ल्यावर बसत. त्यांचे दुकान म्हणजे निम्मा पाकिटांचा माल आणि निम्मा सुटा : पोती, पिंपे, डबे. पाकिटांवर भाव छापलेला. सुट्या मालाचा भाव भाऊजींच्या डोक्यात. दुकानातून घरात आणि घरातून दुकानात सतत एकच आरोळी चालायची : "अहो, हरभऱ्याची डाळ काय भाव देऊ?" आणि भाऊजी मान वर न करता भाव फेकायचे. माझ्या पुस्तिकेला याहून चांगली परीक्षा कुठली मिळणार? मी ताईला फोन केला. ती नेहमीसारखी भांडली नाही. नुसते म्हणाली, "ये. बरं होईन आला तं."

मूर्तिजापूर सोडेपर्यंत मी गाडीत शेजारच्या माणसाला पुस्तिका वाचून दाखवली. त्याने पहिल्या पानानंतर झोप काढली. परीक्षण मी मनाला लावून घेतले नाही.

दुकानात शिरताच भाऊजींनी नेहमीची सलामी दिली. "या साळेबुवा. पुस्तक लिवलं म्हणते तुमी?"

"चार पानांचं."

"मंग तं मोठे लेखक झाले. आमच्याकडं लोक आर्धं पान लिवते, थे बी उधारीचं."

माणूस तसाच होता. पांढरा सदरा, कानामागे पेन, मांडीवर पंचा. मी त्यांच्यासमोरच्या डब्यावर बसलोच होतो, एवढ्यात आतून ताईने हाक मारली आणि मला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटले. तिथे भाचा उभा होता. तो पुण्याला नोकरीला असतो, त्यामुळे त्याला तिथे पाहून मी नाटकी आवाजात 'अलभ्य लाभ' म्हणणार होतो. त्याचा चेहरा पाहून गिळले.

ताई ओट्याकडे तोंड करून बोलली. "तुया भाऊजीचं काही तरी बिघडलं हाय. परवा एकाले त्याच सामानाची पिशवी दोनदा देल्ली. तो भला, वापस घेऊन आला. त्याच्या आंधी एकाले पाचशेची नोट घेऊन वापस पाचशेचीच देल्ली. म्या म्हणलं, होते, वय झालं. पन मंग हा आला, यानं पायलं."

"मामा," भाचा म्हणाला, "मी त्यांना गल्ल्यावरून उठवणार आहे. दुकान भाड्यानं द्यायचं, दोघांना पुण्याला न्यायचं. आई म्हणते, नको. ती म्हणते, थकलेत फक्त."

"उठवलं तं मरन तो," ताई म्हणाली. "सकाळी कुठं जाईन? कुठं बसन?"

मग मला कळले की माझ्या ग्रंथाला आधीच एक काम नेमून दिलेले आहे. भाच्याने ताईला कबूल केले होते : अ‍ॅपमध्ये सगळा सुटा माल भरायचा, प्रत्येकाचा भाव बाबांना विचारायचा. घाऊक खरेदीचे भाव त्याने मोबाइलमध्ये पाहून ठेवले होते. बाबांचे भाव बरोबर आले तर ते गल्ल्यावर राहतील. चुकले तर ताईने पुन्हा नाही म्हणायचे नाही. भाऊजींना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना वाटत होते, साळा पुस्तक लिहून आलाय, त्याची हौस पुरवायची आहे.

मी एरवी अशा प्रसंगी काही तरी चमकदार बोलतो. त्या दिवशी मी पिशवीतून पुस्तिका काढली आणि बाहेर गेलो.

सुरुवात पाकिटांपासून केली. भाच्याने मोबाइलचा कॅमेरा साबणाच्या पाकिटावरच्या काळ्या पट्ट्यांवर धरला, टीं झाले, आकडा आपोआप आला. नाव पाकिटावरचे, किंमत पाकिटावरची, करासहित, नग, जपून ठेवा. भाऊजींना त्या टीं-चा भारी नाद लागला. प्रत्येक वेळी ते म्हणत, "हं, बोलली." बिस्किटे, चहाच्या पुड्या, टूथपेस्ट, मच्छरच्या अगरबत्त्या. कुठे अडले नाही. माझी पुस्तिका उघडी पडली होती आणि कुणी तिच्याकडे पाहतही नव्हते, इतके सोपे चालले होते. मला वाटले, हे असेच संपले तर काय बहार होईल.

"आता सुटा," भाचा म्हणाला. त्याने सुट्या मालासाठी एकक किलो असे आधीच लावून ठेवले, म्हणजे दर वेळी निवडायला नको. मग एकेका डब्यापाशी जाऊन झाकण उघडू लागला. "बाबा, हळद?"

"साठ."

भाच्याने माझ्याकडे पाहिले. लिहिले. "धने?"

"पन्नास."

"जिरं?"

"शंभर."

किराणा मालातले मला फार कळत नाही. पण बायकोने दिलेली यादी घेऊन मीही दुकानात जातो. शंभर रुपये किलो जिरे केव्हा होते, ते मला आठवेना. मोबाइल माझ्याकडे वळवून भाच्याने फक्त खरेदीचा भाव दाखवला. तीनशेच्या बराच वर होता. तो पुढे विचारत गेला आणि भाऊजी पुढे सांगत गेले, ठामपणे, टेबलावर बोटांनी ताल धरून, आणि प्रत्येक भाव कुठल्या तरी मागच्या जमान्यातला. ताई दाराच्या चौकटीत उभी होती. खसखशीचा भाव ऐकून ती आत गेली.

मी भाऊजींकडे पाहिले. ते खुशीत होते. "लिवा, लिवा," म्हणाले, "आपल्या भावात फरक नाही भेटनार."

तेवढ्यात बार्शीटाकळीहून येणारी एक खानावळवाली बाई आली. जुने गिऱ्हाईक, महिन्याचा मसाला इथूनच नेते. "भाऊ, अर्धा किलो जिरं."

"आता बिल मोबाइलवर," भाचा म्हणाला. त्याचा आवाज कोरडा झाला होता. त्याने जिरे निवडले, वजनाच्या जागी शून्य पूर्णांक पाच लिहिले. "पन्नास रुपये."

बाई जागीच थबकली. मग हसली. "पन्नास? मंग बापा, पोतंच देऊन दे!"

"पन्नास कायचे?" भाऊजी गल्ल्यावरून उठलेच. "दोनशे!"

"बाबा," भाचा म्हणाला. त्याने मोबाइल खाली ठेवला. आता बोलायची वेळ आली आहे असे त्याने ठरवलेले दिसले. "तुम्हीच शंभर सांगितलं. मी तुमच्यासमोर लिहिलं."

"शंभरच हाय."

"मग अर्ध्या किलोचे दोनशे कसे?"

भाऊजींनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग खानावळवालीकडे. एखाद्या सुशिक्षित माणसाला बूट उलटे घातलेले दाखवावेत तशा सुरात म्हणाले, "शंभर पाव! जिरं कोन किलोनं सांगते? तुयी माय सांगते का किलोनं?"

हळद साठ रुपये पाव. धने पन्नास रुपये पाव. मसाल्याच्या डब्यांचा भाव या दुकानात सदैव पावाचाच बोलला गेला होता, कारण घेणारे पावशेरच घेतात, आणि 'पाव' हा शब्द म्हणायची गरज दोन्ही बाजूंना कधी पडली नव्हती. भाचा याच दुकानात वाढला. पण तो इतकी वर्षे पुण्यात पाकीटबंद मसाला घेत होता, आणि आज त्याला चूक सापडायचीच होती.

त्याने सगळे भाव चारने गुणले. खरेदीच्या भावांशी ताडून पाहिले. एकही चुकला नव्हता. नफाही रास्त धरलेला.

मी हसायला लागलो. मी हसायला लागलो की आवरत नाही, डब्यावरून घसरायची वेळ आली. खानावळवाली हसली, भाऊजी हसले आणि ताई बाहेर आली, तिला काय झाले ते मी तीनदा सांगितले, तिसऱ्या वेळी अभिनयासह. ती पदर तोंडाला लावून उभी राहिली. मग तिने मुलाकडे पाहिले. "सांगतलं होतं ना म्या," एवढेच म्हणाली आणि चहा टाकायला धावली. मी पुस्तिकेच्या समासात तिथल्या तिथे लिहिले : 'आधी एकक ठरवा, मग किंमत लिहा. तुम्ही पावाचा भाव सांगत असाल तर किलोच्या जागी चौपट लिहा. बिल करताना पावासाठी शून्य पूर्णांक पंचवीस.' मला वाटले, हे वाक्य सोन्याचे आहे.

भाच्याने एकेका मसाल्यावर बोट लावले, पेन्सिल दाबली, भाव दुरुस्त केला. त्याची मान खाली होती. चहा आला तेव्हा त्याने पहिला कप बापाला दिला. म्हणाला, "बाबा, आता मी नाही विचारत. तुम्हीच सांगा, मी लिहितो. तुम्ही मालक." माफी मागायची त्याची ही तऱ्हा. त्यात त्याचे चांगलेच मन होते, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

भाऊजींनी चहा संपवला, पंचाने तोंड पुसले आणि पोत्यांच्या रांगेकडे गेले. सम्राट सैन्य पाहायला निघावा तसे. पहिल्या पोत्यात हात घातला.

"हे लिव. एकशे वीस किलो."

"एकशे वीसचं काय बाबा? नाव?"

"हे." त्यांनी मूठभर दाणे वर काढले आणि तळहातावर पसरले. तपकिरी, चपटे, चकचकणारे. "चटनी करते ना त्याची. बायांच्या कंबरेले चांगलं."

"नाव सांगा ना. आधी नाव टाकावं लागतं, त्याशिवाय पुढं जात नाही."

भाऊजींनी दाणे नाकाशी नेले. अंगठ्याने चोळले. "हे नाही का... एकशे वीस." ते हसले. मीही हसलो. थट्टा चालली आहे असेच मला वाटले. मग त्यांनी ते दाणे परत टाकले आणि दुसऱ्या पोत्याकडे गेले. "हे नव्वद. बारीक हाय थे पंच्याण्णव." ते नव्वदवालेही काय, ते सांगेनात. तिसरे पोते. हात आत, हात बाहेर. भाव अचूक. भाच्याने चोरून मोबाइलमध्ये पाहिले, भाव अचूक. पोत्याच्या तोंडाशी उभे राहून त्यांचे ओठ हलत होते आणि त्यातून काही येत नव्हते.

मला तेव्हा मागचे सगळे उलगडले. साबणाचे नाव पाकिटावर होते. हळद, धने, जिरे ही नावे भाच्याने घेतली होती. 'हरभऱ्याची डाळ काय भाव' हे ताई म्हणायची. गिऱ्हाईक दारातूनच नाव घेऊन यायचे. दिवसभर कुणी ना कुणी त्यांच्या हातात नाव देत होते आणि ते भाव देत होते. नावे कधीपासून गळत होती, ते कळायला मार्गच नव्हता. आम्ही भावाची परीक्षा घेतली. तीत ते पहिले आले.

"जवस," ताई दारातून म्हणाली. अगदी हळू, मुलाला निबंधाचा शब्द सुचवावा तसे.

"हं, जवस," भाऊजी म्हणाले. आणि चौथ्या पोत्यापाशी जाऊन पुन्हा उभे राहिले. ताई तिथेही बोलली. पाचव्यापाशी ती बोलली नाही. भाच्याच्या मोबाइलवर नावाची रिकामी जागा होती आणि तिच्या कडेला ती लाल चांदणी. त्याने एकदा नाव न लिहिताच 'जपून ठेवा' दाबून पाहिले. खालून लाल अक्षरे आली : नाव लिहा.

पुण्याच्या बाईंना पुस्तिका आवडली. 'आधी एकक' हे वाक्य त्यांनी चौकटीत घातले, म्हणाल्या, खऱ्या दुकानात बसल्याशिवाय हे सुचले नसते. त्या पावसाळ्याच्या आत दुकान भाड्याने गेले. भाडेकरू तेच अ‍ॅप वापरतो. भाऊजी पुण्याला तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत बसतात. ताई फोनवर सांगते, आता भावही गेले.

पण त्या दुपारी हे कुणालाच माहीत नव्हते. ताईने फक्त पुढे होऊन गल्ल्याची किल्ली उचलली आणि कमरेला खोचली. भाच्याने मोबाइल खिशात टाकला. मी पुस्तिका मिटून पिशवीत घातली. भाऊजींनी आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिले. हात अजून पोत्यात होता. मग ते ओरडले, रस्त्यावरची माणसे वळून पाहतील इतक्या मोठ्याने :

"अरे, मले नाव कायले पायजे? नाव तं घेनारा सांगते!"